जनगणनेचा आडवा तक्ता उभा करताना: एका आलेखात अनेक मालिका दाखवण्यासाठी मांडणी कशी बदलावी

जनगणनेचे तक्ते वाचणाऱ्याच्या सोयीसाठी छापलेले असतात. डावीकडे राज्याचे नाव, वर ठळक अक्षरांत वर्ष आणि प्रत्येक वर्षाखाली व्यक्ती, पुरुष व स्त्री असे तीन स्तंभ, अशी त्यांची ओळखीची मांडणी असते. एका ओळीवर बोट ठेवून डावीकडून उजवीकडे वाचत गेले, की त्या राज्याची वाटचाल कळते. मात्र हाच तक्ता लुकर स्टुडिओ, टॅब्लो किंवा पॉवर बीआय यांसारख्या आलेख-साधनाला दिला, तर राज्यागणिक एक रेषा काही केल्या निघत नाही. साधनाच्या दृष्टीने तिथे ‘वर्ष’ नावाचे काहीच नसते. 1991, 2001 आणि 2011 ही वर्षे स्तंभांच्या शीर्षकांत अडकलेली असतात, आणि शीर्षक हे साधनासाठी माहितीचे नाव असते, माहिती नव्हे. म्हणून ते प्रत्येक स्तंभ स्वतंत्र मोजमाप मानते आणि क्षितिजाक्षावर ठेवायला वर्षच सापडत नाही.

यावर उपाय म्हणजे आडवा तक्ता उभा करणे. उभ्या तक्त्यात प्रत्येक ओळ एकच नोंद सांगते: कोणते राज्य, कोणते लिंग, कोणते वर्ष आणि त्यांची लोकसंख्या किती. या चार गोष्टींसाठी चार स्तंभ असतात, मग राज्ये पाच असोत की पस्तीस आणि जनगणना तीन असोत की दहा. पुढील विवेचन पाच राज्यांच्या प्रत्यक्ष आकड्यांवर केले आहे. हा तक्ता तसाच उतरवून घेतला, तर प्रत्येक पायरी स्वतः करून पाहता येईल.

| राज्य | पुरुष_1991 | स्त्री_1991 | पुरुष_2001 | स्त्री_2001 | पुरुष_2011 | स्त्री_2011 |
|---|---|---|---|---|---|---|
| महाराष्ट्र | 40825618 | 38111569 | 50400596 | 46478031 | 58243056 | 54131277 |
| गोवा | 594790 | 575003 | 687248 | 660420 | 739140 | 719405 |
| गुजरात | 21355209 | 19954373 | 26385577 | 24285440 | 31491260 | 28948432 |
| कर्नाटक | 22951917 | 22025284 | 26898918 | 25951644 | 30966657 | 30128640 |
| जम्मू-काश्मीर | | | 5360926 | 4782774 | 6640662 | 5900640 |

रुंदी आटोक्यात राहावी म्हणून ‘व्यक्ती’ हे स्तंभ येथे दाखवलेले नाहीत. प्रत्येक वर्षाच्या पुरुष आणि स्त्री या आकड्यांची बेरीज करून ते `व्यक्ती_1991`, `व्यक्ती_2001` आणि `व्यक्ती_2011` या नावांनी जोडावेत. जम्मू-काश्मीरसाठी मात्र `व्यक्ती_1991` ही पेशीही रिकामीच ठेवावी, कारण तेथे बेरजेचे सूत्र टाकल्यास शून्य उमटेल. या राज्यात 1991 साली जनगणना झाली नव्हती. काही तक्त्यांत त्या जागी अंदाजित आकडा आढळतो, पण तो मोजणीचा नसल्याने येथे जागा रिकामी ठेवली आहे. ही रिकामी जागा पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

आधी शीर्षकाची एकच ओळ करावी

जनगणनेच्या मूळ छापील तक्त्यात शीर्षके दोन ओळींत असतात; वर दिलेल्या तक्त्यात ती आधीच एका ओळीत आणली आहेत. पहिल्या ओळीत तीन-तीन पेशी जोडून त्यांवर एकेक वर्ष लिहिलेले असते आणि दुसऱ्या ओळीत व्यक्ती, पुरुष, स्त्री हे शब्द तीनदा आलेले असतात. जोडलेल्या पेशींत मजकूर फक्त डावीकडच्या पहिल्या पेशीत असतो आणि उरलेल्या दोन रिकाम्या असतात, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आधी त्या पेशी सुट्या कराव्यात आणि रिकाम्या झालेल्या जागी वर्ष पुन्हा लिहावे. त्यानंतर दुसऱ्या ओळीखाली एक नवी ओळ घालून `B3` या पेशीत पुढील सूत्र लिहावे व ते उजवीकडे शेवटच्या स्तंभापर्यंत ओढावे.

```
=B$2&"_"&B$1
```

या ओळीत आता `पुरुष_1991` यांसारखी नावे तयार होतील. `A3` मध्ये ‘राज्य’ लिहावे, ही ओळ व तिच्याखालची सगळी माहिती नव्या पानावर केवळ मूल्ये म्हणून चिकटवावी आणि वरच्या दोन ओळी मागेच सोडाव्यात. ही पायरी टाळली, तर तिची खूण लगेच दिसते. एक्सेलच्या टेबलमध्ये दोन स्तंभांना एकच नाव चालत नाही, त्यामुळे `पुरुष2`, `पुरुष3` अशी नावे आपोआप तयार होतात आणि कोणता स्तंभ कोणत्या वर्षाचा होता हे त्यांवरून कळत नाही.

जोडणीसाठी अधोरेषा वापरण्याचे कारण एवढेच, की हे नाव पुढे पुन्हा तोडायचे आहे. जे चिन्ह मूळ नावांत कुठेही येत नाही, असेच चिन्ह निवडावे. ‘जम्मू-काश्मीर’ या नावात जोडरेघ आहे, म्हणून या तक्त्यापुरती जोडरेघ टाळणे चांगले.

याच वेळी संपूर्ण भारताची ओळ किंवा तळाशी ‘एकूण’ ही ओळ असल्यास ती काढून टाकावी. आडव्या तक्त्यात ती निरुपद्रवी असते, पण उभ्या तक्त्यात ती इतर राज्यांसारखेच एक राज्य होऊन बसते.

एक्सेलमध्ये पॉवर क्वेरीने मांडणी बदलणे

स्वच्छ केलेल्या तक्त्यातील कोणतीही पेशी निवडून `Data` या टॅबवरील `From Table/Range` वर क्लिक करावे. पहिली ओळ शीर्षकांची आहे का, असे विचारणाऱ्या चौकटीत `My table has headers` या पर्यायासमोर खूण असू द्यावी. आता पॉवर क्वेरीची वेगळी खिडकी उघडेल आणि तिच्या उजव्या बाजूला `Applied Steps` ही पायऱ्यांची यादी दिसेल. त्यात `Changed Type` ही पायरी एक्सेलने स्वतःहून घातलेली असते. ती सुरुवातीलाच काढून टाकावी, असे माझे ठाम मत आहे. त्या पायरीत प्रत्येक स्तंभाचे नाव कोरलेले असते, त्यामुळे उद्या एखादे शीर्षक बदलले किंवा एखादा स्तंभ वगळला, तर ‘अमुक स्तंभ सापडला नाही’ या अर्थाची चूक येऊन सगळी प्रक्रिया तिथेच थांबते. आकड्यांचा प्रकार ठरवण्याचे काम शेवटी, उभ्या तक्त्यावर करावे, कारण तेव्हा स्तंभ फक्त चारच असतात.

मग ‘राज्य’ हा एकच स्तंभ निवडून त्याच्या शीर्षकावर उजवे बटण दाबावे आणि `Unpivot Other Columns` निवडावे. याच्या जवळच `Unpivot Only Selected Columns` हा पर्यायही असतो, आणि त्या क्षणी दोन्हींनी तक्ता सारखाच दिसू शकतो. फरक पुढे कळतो. दुसऱ्या पर्यायात उभे करायचे स्तंभ नावानिशी नोंदवले जातात, त्यामुळे नंतर जोडलेले स्तंभ तसेच आडवे उरतात. पहिल्या पर्यायात ‘राज्य सोडून बाकी सगळे’ एवढीच सूचना असल्याने नवे स्तंभही आपोआप उभे होतात.

आता तक्त्यात ‘राज्य’, `Attribute` आणि `Value` असे तीन स्तंभ उरतील. `Attribute` मध्ये `पुरुष_1991` अशी जोडनावे आहेत, म्हणजे एकाच पेशीत लिंग आणि वर्ष या दोन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत. तो स्तंभ निवडून `Split Column` मधील `By Delimiter` वर जावे, चिन्ह म्हणून अधोरेषा द्यावी आणि तयार होणाऱ्या दोन स्तंभांना ‘लिंग’ व ‘वर्ष’ अशी नावे द्यावीत. `Value` चे नाव ‘लोकसंख्या’ करावे. ‘वर्ष’ आणि ‘लोकसंख्या’ यांचा प्रकार `Whole Number` ठेवावा. महाराष्ट्राच्या पहिल्या काही ओळी आता अशा दिसतील. स्तंभांचा क्रम तुमच्या तक्त्याप्रमाणे वेगळा असू शकतो.

| राज्य | लिंग | वर्ष | लोकसंख्या |
|---|---|---|---|
| महाराष्ट्र | व्यक्ती | 1991 | 78937187 |
| महाराष्ट्र | पुरुष | 1991 | 40825618 |
| महाराष्ट्र | स्त्री | 1991 | 38111569 |
| महाराष्ट्र | व्यक्ती | 2001 | 96878627 |

‘व्यक्ती’ हे लिंग नव्हे, तर ती पुरुष आणि स्त्री यांची बेरीज आहे. या ओळी तशाच राहिल्या, तर आलेख-साधन महाराष्ट्राच्या 1991 च्या सगळ्या ओळी एकत्र करून लोकसंख्या बरोबर दुप्पट दाखवेल. चूक दुपटीचीच असल्यामुळे आलेखाचा आकार मुळीच बदलत नाही. सगळ्या रेषा सारख्याच उंच होतात, म्हणून ही चूक डोळ्यांना खुपत नाही आणि तशीच प्रसिद्ध होऊ शकते. तेव्हा ‘लिंग’ या स्तंभावर गाळणी लावून ‘व्यक्ती’ वगळावे. मूळ तक्त्यातून ते स्तंभ मात्र आधीच खोडू नयेत, कारण पडताळणीसाठी त्यांचा उपयोग होतो. शेवटी `Close & Load` केल्यावर उभा तक्ता नव्या पानावर येतो.

पडताळणी आणि हरवलेल्या ओळी

मूळ तक्त्यात 5 राज्ये आणि 9 स्तंभ, म्हणजे 45 पेशी होत्या. ‘व्यक्ती’ वगळल्यावर 30 ओळी उरायला हव्यात, पण प्रत्यक्षात 28 मिळतील. ज्या दोन ओळी दिसत नाहीत, त्या जम्मू-काश्मीरच्या 1991 च्या आहेत. पॉवर क्वेरी तक्ता उभा करताना रिकाम्या पेशींच्या ओळी कोणतीही सूचना न देता गाळते. म्हणून अपेक्षित ओळींची संख्या आधी कागदावर मांडावी, रिकाम्या पेशी मोजाव्यात आणि वजाबाकी जुळते का ते पाहावे.

दुसरी पडताळणी बेरजेची आहे. आडव्या तक्त्यातील ‘व्यक्ती’ या तिन्ही स्तंभांची एकूण बेरीज आणि उभ्या तक्त्यातील ‘लोकसंख्या’ स्तंभाची बेरीज यांचा आकडा 62,61,94,506 असा एकच यायला हवा. तीन जनगणनांची माणसे एकत्र मोजणाऱ्या या संख्येला स्वतःचा काहीच अर्थ नाही, पण दोन्हीकडे ती जुळली, तर एकही आकडा गळालेला किंवा दोनदा आलेला नाही याची बऱ्यापैकी खात्री होते. उभ्या तक्त्यात 1,25,23,89,012 दिसले, तर ‘व्यक्ती’ वगळायचे राहून गेले आहे, हे लगेच कळते.

हरवलेल्या ओळींनी बिघाड होतो का, हे त्या मालिकेत कुठे आहेत यावर अवलंबून असते. जम्मू-काश्मीरची रिकामी जागा सुरुवातीलाच असल्याने त्याची रेषा 2001 पासून सुरू होईल, आणि ते योग्यच आहे. आसामचे तसे नाही. तेथे 1981 ची जनगणना झाली नव्हती, म्हणून 1971 ते 1991 असा आलेख काढताना मधली ओळ गळाली, तर साधन दोन टोके सरळ रेषेने जोडेल आणि वाचणाऱ्याला मधली मोजणी झाली होती असेच वाटेल. अशा वेळी तक्ता उभा करण्यापूर्वी `Replace Values` ने `null` च्या जागी -1 ठेवावे आणि उभा केल्यावर -1 च्या जागी पुन्हा `null` आणावे. ओळ शिल्लक राहते, मूल्य रिकामे राहते आणि बहुतेक साधनांत तेथे रेषा तुटलेली दाखवता येते. रिकाम्या जागी शून्य मात्र कधीही ठेवू नये, कारण मग आलेखात संपूर्ण राज्य निर्मनुष्य झाल्याचे दिसते.

गूगल शीट्समध्ये

शीट्समध्ये यासाठी तयार बटण नाही, पण एक सूत्र पुरते. शीर्षके पहिल्या ओळीत, राज्ये `A2` ते `A6` मध्ये आणि आकडे `B` ते `J` या स्तंभांत असतील, तर नव्या पानावर न जाता त्याच पानावर उजवीकडे, उदाहरणार्थ `M2` मध्ये, हे सूत्र लिहावे.

```
=ARRAYFORMULA(SPLIT(FLATTEN(A2:A6&"|"&B1:J1&"|"&B2:J6),"|_"))
```

हे सूत्र प्रत्येक पेशीसाठी राज्य, शीर्षक आणि आकडा यांची एक लांब पट्टी बनवते, त्या सगळ्या पट्ट्या एकाखाली एक रचते आणि मग उभी दांडी किंवा अधोरेषा यांपैकी जे चिन्ह सापडेल तेथे तोडते. त्यामुळे शीर्षकाचे दोन भागही याच टप्प्यात सुटे होतात. रिकाम्या पेशींच्या ओळी येथे गळत नाहीत. त्यांच्या चौथ्या स्तंभात फक्त काही नसते, म्हणून 45 च्या 45 ओळी मिळतात. आकडा पट्टीच्या शेवटी ठेवण्याचे कारणही हेच आहे. `SPLIT` रिकामा तुकडा टाकून देते, त्यामुळे आकडा मध्ये असता तर पुढचे सगळे तुकडे एक घर डावीकडे सरकले असते.

या सूत्राची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. शीर्षकांत वर्षांऐवजी खऱ्या तारखा असतील, तर `&` ने जोडताना त्यांचा आतला अनुक्रमांक बाहेर येतो आणि 1 जानेवारी 2024 च्या जागी 45292 दिसते. अशा वेळी शीर्षके आधी `TEXT` या फंक्शनने मजकुरात बदलावीत.

पायथन वापरणाऱ्यांसाठी हेच काम दोन ओळींचे आहे, आणि पांडासमधील `melt` रिकाम्या नोंदी गाळत नाही.

```
u = df.melt(id_vars="राज्य", var_name="गट", value_name="लोकसंख्या")
u[["लिंग", "वर्ष"]] = u["गट"].str.split("_", expand=True)
```

आलेखात नेमके काय मांडावे

लुकर स्टुडिओत रेषा-आलेख घेऊन `Dimension` मध्ये वर्ष, `Breakdown Dimension` मध्ये राज्य आणि `Metric` मध्ये लोकसंख्या ठेवली, की पाच रेषा एकदम उमटतात. वर्ष हा आकडा असल्यामुळे साधन त्याचीही बेरीज करू पाहील, तर स्रोताच्या माहितीत त्या स्तंभाचा प्रकार बदलून `Year` करावा. एक्सेलच्या साध्या रेषा-आलेखाला मात्र आडवाच तक्ता लागतो. उभ्या तक्त्यावरून एक्सेलमध्येच आलेख काढायचा असल्यास `PivotChart` वापरावा.

पाच रेषा आल्या तरी हा आलेख मला समाधानकारक वाटत नाही. महाराष्ट्राची रेषा 11 कोटींच्या पुढे जाते आणि गोव्याची 15 लाखांच्याही खाली राहते, त्यामुळे गोवा तळाच्या अक्षाला चिकटून बसतो आणि त्याच्यात काही बदल झाला की नाही हे कळतच नाही. या पाच राज्यांची खरी तुलना दर हजार पुरुषांमागे स्त्रिया किती, या गुणोत्तरावर होते. त्यासाठी पुरुष आणि स्त्री हे आकडे एकाच ओळीत शेजारी-शेजारी हवेत, म्हणजे उभा तक्ता एका बाबतीत पुन्हा आडवा करावा लागतो. पॉवर क्वेरीत ‘लिंग’ स्तंभ निवडून `Pivot Column` वर जावे, मूल्यांसाठी ‘लोकसंख्या’ द्यावी आणि प्रगत पर्यायांत `Don't Aggregate` ठेवावे. त्यानंतर पुढील सूत्राचा नवा स्तंभ जोडावा.

```
= Number.Round([स्त्री] * 1000 / [पुरुष])
```

राज्य आणि वर्ष उभेच राहतात, फक्त लिंग आडवे होते. तक्ता किती उभा करायचा, हे ज्या गोष्टीच्या रेषा काढायच्या आहेत त्यावर ठरते, आणि येथे मालिका राज्यांच्या आहेत. आता महाराष्ट्रासाठी 934, 922 आणि 929, तर गोव्यासाठी 967, 961 आणि 973 असे आकडे मिळतात. गुजरात 934 वरून 920 आणि मग 919 वर उतरतो. कर्नाटक 960, 965 आणि 973 असा चढत जाऊन 2011 मध्ये गोव्याच्या बरोबरीला येतो. जम्मू-काश्मीरचे दोनच बिंदू आहेत, 892 आणि 889, आणि त्यांत आजच्या लडाखचाही समावेश आहे, कारण ती विभागणी 2019 मध्ये झाली. ही टीप आलेखाखाली अवश्य द्यावी. मघाच्या आलेखात यातले काहीही दिसत नव्हते.

गुणोत्तर आणि लोकसंख्या हे दोन्ही एकाच ‘मूल्य’ स्तंभात कधीही मिसळू नयेत. कोटींतले आकडे आणि हजारातले प्रमाण एका स्तंभात आले, की साधन त्यांची बेरीजही करेल आणि एकाच अक्षावर त्यांना बसवेलही.

देवनागरी नावांच्या अडचणी

आलेखाच्या सूचीत पाचऐवजी सहा राज्ये दिसली, तर आकडे तपासण्याआधी नावे तपासावीत. ‘महाराष्ट्र’ या नावाच्या शेवटी एक मोकळी जागा राहिली, तरी साधन त्याला वेगळे राज्य मानते. ही चूक `TRIM` ने दुरुस्त होते. देवनागरीत याहून अवघड प्रकार आढळतो. वेगवेगळ्या कळफलकांवरून किंवा पीडीएफमधून आलेल्या मजकुरात जोडाक्षरांच्या आत न दिसणारी जोडचिन्हे असू शकतात, आणि ती `TRIM` ने जात नाहीत. दोन नावे हुबेहूब सारखी दिसत असूनही वेगळी मोजली जात असतील, तर दोन्हींवर `LEN` लावून लांबी पाहावी. एकाची लांबी जास्त आली, तर ते नाव खोडून हाताने पुन्हा टंकित करणे, किंवा बिनचूक नाव नक्कल करून सगळीकडे चिकटवणे, हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. हे काम आडव्या तक्त्यातच करावे, कारण तेथे प्रत्येक राज्य एकदाच येते.

उभा तक्ता एक्सेलमधून दुसऱ्या साधनाकडे नेताना साध्या `CSV` प्रकारात जतन केला, तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. त्यासाठी `CSV UTF-8 (Comma delimited)` हाच प्रकार निवडावा. तसेच 11,23,74,333 असा स्वल्पविराम घातलेला आकडा कुठूनतरी मजकूर म्हणून आला असेल, तर साधन तो आकडा न मानता शब्द मानते. पेशीत तो डावीकडे चिकटलेला दिसला, की हे ओळखावे आणि स्वल्पविराम काढून टाकावेत.

पुढच्या जनगणनेचे आकडे हाती आले, की आडव्या टेबलच्या उजव्या कडेला त्या वर्षाचे तीन स्तंभ त्याच पद्धतीच्या नावांनी जोडावेत आणि `Data` टॅबवरील `Refresh All` दाबावे. पाच राज्यांसाठी उभ्या तक्त्यात 10 नव्या ओळी येतील, आणि गुणोत्तराच्या तक्त्यात 5.